डायमंड मुलाने घेतले, अर्ज आईने लिहायचा

मुलगा गेम खेळतो तो आईच्या फोनवर, आणि बँकेचा ओटीपीही त्याच फोनवर येतो. त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलाला डायमंड विकत घ्यायला फार डोके चालवावे लागत नाही. आलेले आकडे टाकले की झाले. दुसऱ्या दिवशी आई एसएमएस पाहते: ७९९, पुन्हा ७९९, मग १,५९९. एकूण ३,१९७ रुपये गेलेले असतात.

इथे बहुतेक पालक आधी बँकेला फोन लावतात आणि ‘फ्रॉड झालाय’ म्हणतात. हीच पहिली चूक. बँकेच्या लेखी व्यवहार तुमच्या फोनवरून, तुमच्या ओटीपीने झालेला असतो, म्हणजे तो चोराने केलेला नाही. शिवाय बँकेमार्फत पैसे मागे ओढले, तर काही कंपन्या गेमचे खातेच बंद करतात. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जे आरोप ठेवले, त्यात हाही होता: कार्ड कंपनीकडे तक्रार करणाऱ्या ग्राहकांची खाती कुलूपबंद केली जात. डिसेंबर २०२२ मध्ये एपिकने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. ते पैसे तिथल्या ग्राहकांसाठी होते, पण आधी कुणाचे दार ठोठवायचे हे त्यातून आपल्यालाही कळते.

पहिले दार म्हणजे ज्याने पैसे घेतले तो. अँड्रॉइड फोनवर बहुधा ते गूगल प्ले असते, आयफोनवर ॲपल. गूगलकडे ४८ तासांच्या आत थेट मागणी करता येते. त्यानंतर ते सहसा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवतात. आयफोनसाठी reportaproblem.apple.com इथे अर्ज होतो. तिथून नकार आला किंवा मुदत टळली, की गेमच्या सपोर्टला लिहायचे. मजकूर इंग्रजीत पाठवलेला बरा, पण आत काय असावे ते आधी मराठीत पाहू:

‘मी या खात्याची धारक आहे. शनिवारी सायंकाळी ७.१० ते ७.२५ या वेळात माझ्या ११ वर्षांच्या मुलाने माझ्या परवानगीशिवाय तीन वेळा डायमंड खरेदी केले (७९९, ७९९ आणि १,५९९ रुपये). ऑर्डर क्रमांक, पावत्या आणि गेममधला प्लेयर आयडी सोबत देत आहे. फोन व कार्ड माझे आहे. ओटीपी त्याच फोनवर आला आणि मुलाने तो टाकला. पहिल्या खरेदीतले काही डायमंड खर्च झाले आहेत, बाकीच्या दोन खरेदीतले तसेच आहेत. रविवारी सकाळी बँकेचा एसएमएस पाहून मला हे कळले. त्यानंतर मी कार्ड काढून टाकले असून प्रत्येक खरेदीला पासवर्ड सक्तीचा केला आहे. रक्कम परत करावी ही विनंती. डायमंड काढून घेण्यास माझी हरकत नाही.’

यात रडगाणे नाही, धमकी नाही. सपोर्टमधल्या माणसाला व्यवहार सापडायला हवा, म्हणून ऑर्डर क्रमांक. गूगलचा क्रमांक ‘GPA’ने सुरू होतो आणि ईमेलवर आलेल्या पावतीत असतो, बँकेचा संदर्भ क्रमांक वेगळा, तो इथे फारसा उपयोगी नाही. प्लेयर आयडी नसेल तर डायमंड नेमके कुठल्या खात्यात गेले ते शोधता येत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची ओळ मात्र खर्च झालेल्या डायमंडची. किती वापरले हे कंपनीला तिच्या नोंदीत दिसतेच. ‘काहीच वापरले नाही’ असे ठोकून दिले आणि ते खोटे निघाले, की उरलेल्या अर्जावरचा विश्वासही जातो. म्हणून एसएमएस दिसताच मुलाच्या हातून गेम काढून घ्या. न वापरलेल्या वस्तूचा परतावा मिळण्याची शक्यता जास्त असते. ओटीपीची बाबही लपवू नका. ‘हॅक झाले’ म्हणाल, तर चौकशी भलतीकडेच जाईल.

कायद्याचा आधार घ्यावा का? भारतीय करार कायदा १८७२च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि १९०३च्या मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच निरर्थक ठरवला. पण कंपनी म्हणेल, खाते सज्ञान आईचे आहे, करार तिच्याशीच झाला. हा मुद्दा पहिल्या पत्रात काढून सपोर्टवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; नकार आला तर राखून ठेवावा.

लेखी नकार आला, तर तो जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथेही ऑर्डर क्रमांक, पावत्या आणि तुमचे हेच पत्र लागेल.