बाजारातला कचरा: आधी झाडू, मग फलक

पेठच्या बाजारात स्वच्छतेची मोहीम घ्यायची म्हटलं की आपण आधी फलक छापायला टाकतो, ‘इथे सगळेच कचरा टाकतात, आता तरी थांबा!’ नियत चांगली, पण असा फलक उलटा पडतो. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की इथे टाकायची रीतच आहे.

माणूस पायाखालची जमीन बघून ठरवतो. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका पार्किंगमधला प्रयोग प्रसिद्ध केला. गाड्यांच्या काचेवर कागद अडकवून ठेवले. जमीन स्वच्छ होती तेव्हा शंभरातल्या 14 जणांनी कागद खाली टाकला, आधीच कचरा होता तेव्हा 32 जणांनी. म्हणून झाडायचं ते बाजार भरण्याआधी. फक्त संध्याकाळी झाडलं तर जागा साफ होते, पण दिवसभर टाकणारे टाकतच राहतात.

मग डब्याचं बघू. चहा-भजीच्या गाडीवरून निघालेल्या माणसाचा कप जिथे रिकामा होतो, तिथेच डबा हवा. कोपऱ्यातला डबा कुणाला दिसत नाही. कोपनहेगनमध्ये पेले हान्सन यांच्या गटाने डब्यापर्यंत हिरवी पावलं चिकटवली, लोकांना गोळ्या वाटल्या आणि नंतर कागद मोजले. रस्त्यावर पडलेले कागद 46 टक्क्यांनी कमी भरले. आपल्याकडे रंगाने अशी पावलं सहज काढता येतील. पण दुपारपर्यंत डबा भरून वाहू लागला, तर तीच पावलं लोकांना उकिरड्यापर्यंत नेतील. तेव्हा तो कोण आणि किती वाजता रिकामा करणार, हे पावलं काढण्याआधी ठरवा.

जुम्याच्या बयानात रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हाही सदका आहे, ही हदीस आपण ऐकतो. ती सांगावीच, पण बयान मशिदीत होतं आणि कप बाजारात पडतो. तेच एक वाक्य डब्यावर मराठीत लिहिलं तर हातात कप असतानाच नजरेला पडेल.

फरक पडला की नाही, हे अंदाजाने सांगू नये. सारख्या गर्दीचे दोन पट्टे निवडा, प्रत्येकी वीस पावलांचे. पहिले दोन बाजार काहीच बदलू नका. दर वेळी त्याच वेळेला खाली पडलेले कप, पुड्या आणि पिशव्या मोजा. नंतरचे चार बाजार एकाच पट्ट्यात झाडू, डबा आणि पावलं करा, मोजणी मात्र दोन्हीकडे ठेवा. पावसामुळे किंवा गर्दी कमी असल्यामुळे कचरा घटला असेल, तर तो दोन्हीकडे घटलेला दिसेल. एकाच पट्ट्यात घटला तर श्रेय मोहिमेचं. हे काम आठवी-नववीची मुलं उत्तम करतात, मोठ्यांपेक्षा प्रामाणिक मोजतात.

भाजीवाल्यांचा पाला मात्र या मोजणीत धरू नका. तो सवयीचा प्रश्न नाही. बाजार उठताना गाडी आली नाही, तर टोपलीभर देठं घेऊन तो बिचारा जाणार कुठे? त्यासाठी नगरपंचायतीकडे गाडीची वेळच मागावी लागेल.