मीठ न टाकलेला फ्लास्क : सॉल्ट इफेक्टचा स्लोप २ का येत नाही?

एम.एस्सी.ला परसल्फेट-आयोडाइडचं प्रॅक्टिकल झालं, तेव्हा माझ्या ग्राफचा स्लोप ०.७ च्या आसपास आला होता. थिअरीनुसार तो २ यायला हवा होता. शेजारच्या टेबलवरच्याचा १.२ आला. दोघांनीही जर्नलमध्ये 'प्रायोगिक चूक' असं लिहिलं आणि सही घेतली. आता पीएच.डी. करताना लक्षात येतंय, की आमची मोजणी बरी होती. चूक ग्राफच्या आडव्या अक्षावर होती. नांदेड-लातूरकडचे ज्युनिअर्स अजूनही तोच स्लोप घेऊन येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

नेट-सेटला यावर सहसा सरळ प्रश्न येतो: सारख्या प्रभाराच्या आयनांमध्ये अभिक्रिया असेल तर मीठ टाकल्यावर वेग वाढतो, विरुद्ध प्रभाराचे असतील तर कमी होतो, आणि एक जण उदासीन असेल तर काही होत नाही. पाठ करायला सोपं आहे. पण हे का होतं ते कळलं, तरच पुढची गडबड कळते.

मीठ म्हणजे इथे पोटॅशियम नायट्रेटसारखं क्षार, जे स्वतः अभिक्रियेत भाग घेत नाही. पाण्यात विरघळल्यावर त्याचे आयन सगळीकडे पसरतात. कोणत्याही ऋण आयनाभोवती धन आयनांची थोडी जास्त गर्दी जमते, आणि ही गर्दी त्या आयनाला स्थिर करते. किती स्थिर करते, हे प्रभाराच्या वर्गावर अवलंबून असतं. म्हणजे −१ च्या आयनाला १ एकक फायदा झाला, तर −२ ला ४ आणि −३ ला ९. सगळा खेळ या वर्गात आहे.

आता परसल्फेट (−२) आणि आयोडाइड (−१) एकत्र येऊन जो सक्रियित संकुल बनतो, त्याचा प्रभार −३. त्याला फायदा ९, आणि दोन अभिकारकांना मिळून ४ + १ = ५. निव्वळ ४ संकुलाच्या बाजूने. मीठ वाढलं की संकुल जास्त स्वस्त होतो, म्हणून वेग वाढतो. विरुद्ध प्रभारात उलटं. कोबाल्टचा ब्रोमोपेंटाअमाइन आयन (+२) आणि हायड्रॉक्साइड (−१) यांचा संकुल +१. त्याचा फायदा फक्त १, अभिकारकांचा ५. निव्वळ −४, म्हणून वेग कमी. 'मीठ आकर्षण कमी करतं' असं आपण म्हणतो ते चूक नाही, पण वरच्या हिशोबातून थेट आकडा मिळतो.

हा विचार ब्रॉन्स्टेड यांनी १९२२ मध्ये आणि ब्येरुम यांनी १९२४ मध्ये मांडला. मधल्या १९२३ मध्ये डेबाय आणि ह्यूकेल यांनी आयनाभोवतीच्या गर्दीचं गणित दिलं. सगळं जोडलं की २५ अंश सेल्सिअसला पाण्यासाठी हे समीकरण मिळतं:

log k = log k₀ + 1.02 zA zB √I

I म्हणजे आयनिक स्ट्रेंथ, आणि z म्हणजे प्रभार. परसल्फेट-आयोडाइडला प्रभारांचा गुणाकार +२, म्हणून स्लोप +२.०४. कोबाल्टवाल्या अभिक्रियेला −२.०४. आयनिक स्ट्रेंथ काढताना प्रत्येक आयनाची संहती गुणिले त्याच्या प्रभाराचा वर्ग, सगळ्याची बेरीज आणि निम्मं. 'प्रत्येक आयनाची' हे शब्द नीट वाचा. इथेच आम्ही घसरलो.

आपल्याकडच्या प्रॅक्टिकलसारखा एक हिशोब करू. हे माझ्या बेंचवरचे आकडे नाहीत, समीकरणातून काढलेले आहेत, म्हणजे मोजणीत काडीचीही चूक नाही असं धरायचं. मिश्रणात पोटॅशियम परसल्फेट ०.०१ मोलर, पोटॅशियम आयोडाइड ०.०२ मोलर, थोडं थायोसल्फेट (०.०००२ मोलर) आणि स्टार्च. तयार होणारं आयोडिन आधी थायोसल्फेट खाऊन टाकतं. ते संपलं की द्रावण एकदम निळं होतं, तोच वेळ टिपायचा. तोवर परसल्फेट फक्त १ टक्का खर्च झालेलं असतं, म्हणून १ भागिले वेळ हा सुरुवातीच्या वेगाच्या प्रमाणात धरता येतो. चार फ्लास्कमध्ये पोटॅशियम नायट्रेट अनुक्रमे ०, ०.०५, ०.१० आणि ०.१५ मोलर.

समजा, मीठ नसलेला फ्लास्क २०० सेकंदांत निळा झाला. मग बाकीचे साधारण १५३, १२७ आणि १११ सेकंदांत निळे व्हायला हवेत.

आता आम्ही काय केलं होतं? आडव्या अक्षावर टाकलेल्या मिठाच्या संहतीचं वर्गमूळ घेतलं. पहिला बिंदू शून्यावर. या आकड्यांवर तसं केलं तर पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून स्लोप ०.६६ येतो. शिवाय रेषा सरळ येत नाही, सुरुवातीला सपाट आणि पुढे चढी. ग्राफमध्ये हा वाक दिसला की समजायचं, पहिला बिंदू चुकीच्या जागी बसलाय.

कारण तो फ्लास्क 'बिनमिठाचा' नाहीच. परसल्फेट स्वतः पोटॅशियमचं क्षार आहे. ०.०१ मोलर परसल्फेटची आयनिक स्ट्रेंथ ½(०.०२ × १ + ०.०१ × ४) = ०.०३. आयोडाइडची ०.०२. थायोसल्फेटची ०.०००६, ती सोडून देऊ. म्हणजे काही न टाकताच ०.०५! खरे चार आकडे ०.०५, ०.१०, ०.१५ आणि ०.२० असे हवेत.

ही दुरुस्ती केली की रेषा बऱ्यापैकी सरळ येते, पण स्लोप १.१५. शेजारच्या टेबलचा १.२ इथला. परीक्षेत असा ग्राफ दिला तर आपण बिनधास्त 'प्रभारांचा गुणाकार १' लिहून मोकळे होऊ, आणि तेही चूक. वरचं समीकरण फार पातळ द्रावणाचं आहे. आयनिक स्ट्रेंथ ०.०१ च्या पुढे गेली की ते जास्त सांगायला लागतं, कारण ते आयनांना बिंदू समजतं. त्यांना आकार आहे हे धरलं, तर √I च्या जागी √I/(1+√I) येतं. तेच चार बिंदू या अक्षावर मांडा: ०.१८३, ०.२४०, ०.२७९ आणि ०.३०९. स्लोप २.०४. (माझे आकडेच या समीकरणातून काढलेत, त्यामुळे तो येणारच. मुद्दा असा, की त्याच वेळा, त्याच फ्लास्कमधून ०.६६, १.१५ आणि २.०४ असे तीन स्लोप निघतात.)

मग सरळ पातळ द्रावणं का घेत नाहीत? वेळेमुळे. दोन्ही अभिकारक चार-चार पट पातळ केले, तर वेग सोळाव्या हिश्श्यापेक्षाही खाली जातो, कारण आयनिक स्ट्रेंथही कमी होते. २०० सेकंदांचं काम तासाच्या आसपास जातं. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये जेमतेम दोन फ्लास्क होतील. म्हणून मॅन्युअलवाले जास्त संहती देतात, आणि आडव्या अक्षाचं सांगायचं राहून जातं.

तापमानाचंही बघा. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा सुमारे ५० किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे एका अंशाला वेग साधारण ७ टक्क्यांनी बदलतो. मे महिन्यात नांदेडच्या लॅबमध्ये सकाळी पहिला फ्लास्क केला आणि दुपारी शेवटचा, तर मधल्या चार-पाच अंशांतच पहिल्या मीठवाल्या फ्लास्कचा सगळा सॉल्ट इफेक्ट बुडतो. वॉटर बाथ नसेल तर निदान चारही फ्लास्क एकाच बादलीत ठेवा.

आणि पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत डिस्टिलेशन प्लांट चालवणं परवडत नाही, आणि कोणीतरी बोअरचं पाणी वापरायचा मोह करतो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस १००० असेल, तर त्याची आयनिक स्ट्रेंथ ढोबळमानाने ०.०२ ते ०.०२५. ती प्रत्येक फ्लास्कमध्ये वाढते, पण तुमच्या हिशोबात येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तांबं आणि लोह यांचा अंशही या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतो, आणि तो परिणाम कोणत्याही वर्गमुळात बसत नाही. ओळखायचं कसं? एका फ्लास्कमध्ये थेंबभर पातळ ईडीटीए टाकून पाहा. वेळ ठळकपणे वाढली, तर धातूचा अंश होता.

विरुद्ध प्रभाराचं एक उदाहरण घेतो, कारण संशोधनात माझी सगळ्यात मोठी फसगत तिथे होता होता राहिली. क्रिस्टल व्हायोलेट (+१) आणि हायड्रॉक्साइड (−१): जांभळा रंग हळूहळू जातो, कलरीमीटरवर ५९० नॅनोमीटरजवळ मोजता येतो. संकुल उदासीन, स्लोप −१.०२. हायड्रॉक्साइडची कोटी १ आहे हे दाखवायला आपण सोडियम हायड्रॉक्साइड ०.०१ वरून ०.०४ मोलर करतो. वेग चौपट व्हायला हवा. पण अल्कली स्वतःच आयनिक स्ट्रेंथ ०.०१ वरून ०.०४ करतं, त्यामुळे वेग स्थिरांक साधारण १६ टक्क्यांनी घसरतो. प्रत्यक्षात वेग ३.३५ पट, आणि कोटी येते ०.८७. आता ०.८७ कोटीला साजेशी यंत्रणा शोधत बसायचं का? मी दोन आठवडे शोधली. नंतर प्रत्येक मिश्रणात सोडियम नायट्रेट टाकून एकूण आयनिक स्ट्रेंथ ०.१० ला बांधली, आणि कोटी १ च्या जवळ आली. शोधनिबंधांमध्ये 'स्थिर आयनिक स्ट्रेंथला' अशी ओळ दिसते, ती याचसाठी.

एक मर्यादा सांगून थांबतो. आयनिक स्ट्रेंथ समान ठेवली म्हणजे कोणतंही मीठ चालेल, असं नाही. ऑल्सन आणि सायमनसन यांनी १९४९ मध्ये दाखवलं, की सारख्या प्रभाराच्या आयनांत वेग मुख्यतः विरुद्ध प्रभाराच्या आयनावर, त्याच्या संहतीवर आणि जातीवर ठरतो. दोन ऋण आयन असतील तर मिठातला धन आयन महत्त्वाचा. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे: एका फ्लास्कमध्ये पोटॅशियम नायट्रेट ०.१५ मोलर, दुसऱ्यात पोटॅशियम सल्फेट ०.०५ मोलर. दोघांची आयनिक स्ट्रेंथ ०.१५ च आहे, पण पोटॅशियम एकीकडे ०.१५ आणि दुसरीकडे ०.१०. समीकरण म्हणेल, वेळ सारखी. स्टॉपवॉच काय म्हणतंय ते कमेंटमध्ये लिहा, तापमानासकट.