पाडव्याचे वेढणे आणि डॉलरचा भाव

२०१३ सालचा गुढीपाडवा ११ एप्रिलला होता. त्या दिवशी माझ्या आत्याने दहा ग्रॅमचे चोख सोन्याचे वेढणे घेतले. भाव साधारण २९,००० रुपये होता. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, परदेशच्या बाजारात सोने कोसळले. शनिवार-रविवारची सुट्टी गेली आणि सोमवारी ते आणखी आपटले. व्यवहाराच्या दोन दिवसांत जगातला भाव सुमारे तेरा टक्क्यांनी उतरला. आत्या हळहळली. पाडव्याचा मुहूर्त साधायच्या नादात आपण फसलो, असे तिला वाटत राहिले.

ऑगस्ट संपता संपता तेच सोने चौतीस हजारांच्या पुढे गेले. तेव्हा ती म्हणाली, "बघ, सोनं कधी बुडवत नाही." मला मात्र एक गोष्ट खटकत होती. लंडनमधला सोन्याचा भाव तेव्हाही पाडव्याच्या दिवसापेक्षा खालीच होता. मग आत्याच्या वेढण्याची किंमत वाढवली कोणी?

भारतात विकले जाणारे बहुतेक सगळे सोने बाहेरून येते, आणि त्याचा भाव डॉलरमध्ये, ट्रॉय औंसावर ठरतो. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. औंसाच्या भावाला ३.११ने भागले की दहा ग्रॅमचा डॉलरमधला भाव मिळतो, आणि त्याला डॉलरच्या दराने गुणले की रुपयांतला. म्हणजे सराफाच्या दुकानातल्या फळ्यावर लिहिलेला आकडा हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. त्यातला एक आकडा धातूचा, दुसरा चलनाचा. फळ्यावर दोन्ही मिसळून एकच दिसतात, म्हणून घेणारा सगळे श्रेय सोन्याला देऊन मोकळा होतो.

आत्याचे वेढणे उघडून बघू. पाडव्याला औंसाचा भाव सुमारे १,५६० डॉलर होता, म्हणजे दहा ग्रॅमचे ५०२ डॉलर झाले. डॉलर ५४.५० रुपयांना होता. गुणाकार येतो २७,३५९ रुपये. त्यावर सहा टक्के आयातशुल्क धरले की बरोबर २९,००० होतात. आता २८ ऑगस्ट घ्या. औंस सुमारे १,४२० डॉलर, म्हणजे दहा ग्रॅम ४५७ डॉलर. पण त्या दिवशी बाजार बंद होताना डॉलर ६८.८० रुपयांवर होता, तोवरचा रुपयाचा सर्वांत वाईट दिवस. गुणाकार ३१,४४२. शुल्क बाजूला ठेवले तर पाडव्यापासूनची वाढ ४,०८३ रुपयांची, म्हणजे १४.९ टक्क्यांची.

या ४,०८३ रुपयांची फोड करताना आधी समजू, की डॉलरचा दर ५४.५०वरच थांबला असता. दहा ग्रॅममागे सोने ४५ डॉलरने उतरले, म्हणून ४५ गुणिले ५४.५० इतके, साधारण २,४५३ रुपयांचे नुकसान झाले असते. धातूचा वाटा हा एवढा, आणि तो उणे. आता उलट समजू, की सोने ५०२ डॉलरवरच थांबले आणि फक्त डॉलर १४.३० रुपयांनी वधारला. मग ७,१७९ रुपयांचा फायदा. हा विनिमयदराचा वाटा. दोन्हींची बेरीज ४,७२६ येते, पण प्रत्यक्ष वाढ तर ४,०८३ आहे. मधले ६४३ रुपये गेले कुठे?

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा थांबतो. डॉलर महागल्याचा फायदा आपण ५०२ डॉलरवर मोजला. पण ऑगस्टमध्ये आत्याच्या हातात ५०२ डॉलरचे सोने उरलेच नव्हते, ४५७ डॉलरचे होते. जे ४५ डॉलर आधीच गळून गेले, त्यांच्यावर १४.३० रुपयांची वाढ मिळणार कशी? ४५ गुणिले १४.३० म्हणजे तेच ६४३ रुपये. हा तुकडा एकट्या धातूचा नाही आणि एकट्या चलनाचाही नाही, दोन्ही एकदम हलल्यामुळे तो पडतो. टक्क्यांत बोलायचे तर सोने ९ टक्के खाली आणि डॉलर २६.२ टक्के वर. साधी बेरीज १७ टक्क्यांच्या वर जाते, गुणाकाराने मात्र १४.९ येतात. दोन्ही बदल दोन-तीन टक्क्यांचे असतील तर बेरजेने काम भागते. २०१३सारख्या वर्षी ती फसवते. दोन्ही एकाच दिशेने चालले, तर हाच तुकडा उलट तुमच्या बाजूने पडतो.

अजून तिसरा हात बाकी आहे, आयातशुल्क. पाडव्याला ते सहा टक्के होते, जूनमध्ये आठ झाले आणि १३ ऑगस्टला दहा. ३१,४४२वर दहा टक्के चढवले की ३४,५८६ होतात. दुकानातली वाढ त्यामुळे १९ टक्क्यांच्या पुढे गेली. ही जादा वाढ ना सोन्याची, ना डॉलरची. सरकारने कुंपण उंच केले, म्हणून आत असलेला माल महागला. हे कुंपण खालीही येते. २३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले. लंडनचा भाव आणि रुपया दोन्ही जागच्या जागी राहिले असते, तरी एवढ्यानेच घरातल्या सोन्याची किंमत हिशेबाने ७.८ टक्क्यांनी उतरते. म्हणून परताव्याची फोड करताना शुल्क आधी सोलून काढावे, नाहीतर त्याचा भार नकळत डॉलरच्या किंवा धातूच्या खात्यावर पडतो.

त्या वर्षी सोने पडत असताना रुपयाही पडत होता, हा निव्वळ योगायोग नव्हता. एप्रिलमध्ये भाव कोसळला तसे आपले लोक सराफांकडे धावले. आठवड्याभरात दुकानांत लग्नसराईला लाजवेल अशी गर्दी झाली. मेमध्ये अक्षय्य तृतीया आलीच. ते सगळे सोने आणायला डॉलर लागले. मार्चमध्ये संपलेल्या २०१२-१३ या आर्थिक वर्षात देशाची चालू खात्यावरची तूट आधीच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर पोचली होती. मग २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याचे सूतोवाच केले. अमेरिकेत व्याज वाढणार म्हटल्यावर व्याज न देणारे सोने उतरले, आणि भारतासारख्या देशांतून पैसा निघू लागल्याने रुपयाही उतरला. एकाच कारणाने आपल्या गुणाकारातला एक आकडा खाली ढकलला आणि दुसरा वर. डॉलर बळकट झाला की डॉलरमधले सोने बऱ्याचदा नरमते, आणि त्याच वेळी रुपया घसरून इथल्या माणसाला सावरून घेतो. आत्याला वाचवले ते याने.

पण हा आधार हक्काचा नाही. २८ ऑगस्टच्या भावाने ज्यांनी भरवशावर सोने घेतले, त्यांचे पुढे काय झाले ते बघा. डिसेंबर २०१५मध्ये औंस १,०५० डॉलरच्या आसपास आला, म्हणजे धातू २६ टक्के खाली. रुपया मात्र तोवर सावरून ६६.५०च्या जवळपास होता, म्हणजे डॉलरही तीन टक्क्यांनी स्वस्त. दोन्ही आकडे घटले, शुल्क दहा टक्क्यांवरच राहिले, आणि दहा ग्रॅमचा भाव २५,००० रुपयांच्या आत आला. सव्वादोन वर्षांत २८ टक्के गेले. घाबरगुंडीच्या दिवशी घेतलेल्या सोन्यात डॉलरची भीतीही महाग भावाने विकत घेतलेली असते, हे या लोकांना उशिरा कळले.

याउलट लांबचा पल्ला पाहा. सप्टेंबर २०११च्या सुरुवातीला लंडनचा भाव सुमारे १,८९५ डॉलर होता. त्या पातळीवर तो परत आला जुलै २०२०च्या अखेरीस. अमेरिकेतल्या माणसाला जवळजवळ नऊ वर्षांत धातूने एक छदामही दिला नाही. आपल्याकडे मात्र डॉलर ४६ रुपयांवरून ७५च्या जवळ गेला होता. शुल्क सोडूनही दहा ग्रॅम २८,००० वरून साडेपंचेचाळीस हजारांवर आले, आणि साडेबारा टक्के शुल्क धरून एक्कावन्न हजारांवर. त्या नऊ वर्षांत आपण ज्याला सोन्याची वाढ म्हणालो, ती सगळीच्या सगळी रुपयाची घसरण आणि सरकारचे शुल्क होती.

म्हणून चलनाचा वाटा खरा नफा की नुसता आकडा, हे तुमचा खर्च कुठे आहे त्यावर ठरते. आत्याला वेढणे मोडून गावच्या घराचे पत्रे बदलायचे असते, तर सुताराची मजुरी त्या पाच महिन्यांत २६ टक्क्यांनी वाढली नव्हती. तिच्यासाठी फायदा खराच होता. पण हेच सोने कुणी मुलाच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी ठेवले असेल, तर पाडव्याला दहा ग्रॅमच्या किमतीत ५०२ डॉलर फी भरता आली असती आणि ऑगस्टमध्ये, रुपया घसरूनही, ४५७च. त्या घराला नऊ टक्के तोटा झाला, जरी सराफाचा फळा फायदा दाखवत होता. शुल्कातली वाढ त्यांना थोडी हात देईल, पण तेवढीच. पुण्यामुंबईतून मुले बाहेर पाठवणाऱ्या अनेक घरांनी हा हिशेब केलेलाच नसतो.

हिशेब करताना एक अडचण येऊ शकते. लंडनचा भाव, डॉलर आणि शुल्क धरून काढलेली किंमत आणि इथला घाऊक भाव यांत साधारणपणे थोडाच फरक असतो. २०१३च्या उत्तरार्धात सरकारने आयात सोन्याचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी राखायचा नियम केला, माल तुटला, आणि फरक औंसाला शंभर डॉलरच्याही वर गेला. तुमचे गणित दोन-तीन टक्क्यांहून जास्त चुकत असेल, तर आधी तीन टक्के जीएसटी धरला गेला आहे का ते पाहा, मग दागिन्याची घडणावळ आणि कॅरेट. ते सगळे काढूनही फरक उरला, तर तो तुटवड्याचा अधिभार आहे, आणि माल मोकळा झाला की तो विरघळतो.

सोन्याचा फंड असो वा सुवर्णरोखे, त्यांचाही भाव रुपयांतच लागतो, म्हणजे डॉलर त्यांच्यातही आधीच मिसळलेला असतो. तेव्हा पुढच्या वेळी सोने घ्याल, कोणत्याही रूपात, तेव्हा पावतीच्या मागे त्या दिवसाचे तीन आकडे लिहून ठेवा: औंसाचा डॉलरमधला भाव, डॉलरचा दर आणि आयातशुल्क. विकायच्या दिवशी हेच तीन आकडे पुन्हा बघा. आत्याच्या पावतीमागे ते मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत: १,५६०, ५४.५०, ६.