टर्नर पाहिजे, पगार १८,०००

भोसरी एमआयडीसीतल्या आतल्या गल्ल्यांमधून फिरताना शटरवर चिकटवलेले कागद दिसतात : ‘पाहिजे – हेल्पर. अनुभवी. पगार योग्यतेनुसार.’ खाली मोबाइल नंबर. हाच मजकूर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरही फिरतो. फोन भरपूर येतात, माणूस मात्र मिळत नाही. मिळालाच तर पंधरा दिवसांत न सांगता येणं बंद करतो, आणि ‘हल्ली कुणाला कामच नको’ असं मालक शेजारच्या शेडवाल्याला सांगतो. मला यातला बराचसा दोष त्या कागदाचा वाटतो.

समजा, दोन साध्या लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन असलेलं एक वर्कशॉप आहे. मालक धरून पाच माणसं. मोठ्या कंपनीच्या व्हेंडरसाठी पिन आणि बुश बनवण्याचं जॉबवर्क चालतं. एक लेथ रिकामी पडलीय, म्हणून ती चालवणारा माणूस हवाय. मालक बोलताना त्याला ‘मदतनीस’ म्हणतो, पण त्याला हवा आहे तो ड्रॉइंग वाचून माप काढणारा माणूस. ‘हेल्पर’ लिहिलेल्या कागदावर झाडलोट आणि ओझं उचलण्याचं काम शोधणारे फोन करतात. आयटीआयमध्ये दोन वर्षं टर्नरचा ट्रेड केलेला माणूस तो कागद वाचून पुढे जातो. तेव्हा शिक्षण सांगावं आणि हातात काय येत असावं तेही सांगावं : मायक्रोमीटर लावता येणं, टूलला ग्राइंडरवर धार लावता येणं. ‘अनुभवी’ एवढ्यानं काहीच कळत नाही.

कामाचं वर्णन करताना मालक हमखास एक चलाखी करतात. मशीनचं काम ठळक लिहितात आणि शेवटी ‘व इतर किरकोळ कामे’ जोडतात. त्या किरकोळात टेम्पोतून सळ्या उतरवणं येतं, प्लेटिंगवाल्याकडे दुचाकीवरून माल पोचवणं येतं, कधी मालकाच्या घरचा गॅस सिलिंडरही येतो. शिकलेला टर्नर सळी उतरवायला नाही म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा उतरवायची आहे, हे आधी कळलेलं असलं की झालं. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. सिलिंडर मात्र जाहिरातीत नको, आणि कामातही नको.

खरी भांडणं होतात ती पगारावरून, आणि तीसुद्धा मूळ आकड्यापेक्षा त्याच्या हिशोबावरून. महिना १८,००० ठरला असं धरू. तो आकडा लावण्याआधी राज्याच्या किमान वेतनाचा ताजा तक्ता पाहावा, कारण त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. पुढे दिवसाचा दर काढायचा तर कशानं भागायचं? साप्ताहिक सुट्ट्या वगळून कामाचे दिवस २६ धरले तर ६९२ रुपये येतात, आठ तासांनी भागलं की तासाला साधारण साडेशहाऐंशी. जादा तासाला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणजे वर गोळा करून १७४. मनाला येईल तसा हिशोब करणारा मालक १८,००० ला ३० ने भागतो, तासाला ७५ काढतो आणि ओव्हरटाइमलाही तेच देतो. ऑर्डरची घाई असलेल्या महिन्यात वीस तास जादा काम झालं, तर एका हिशोबानं ३,४८० रुपये होतात आणि दुसऱ्यानं १,५००. जवळजवळ दोन हजारांचा फरक पगाराच्या दिवशी पाकिटातून बाहेर येतो, तेव्हा कामगार काही न बोलता ते पैसे घेतो आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शेडमध्ये विचारणा करतो. ‘जादा तासाला १७४ रुपये’ एवढी अर्धी ओळ छापली असती तर हे टळलं असतं.

पगाराची तारीखही लिहावी. मालकाची अडचण खरी असते; व्हेंडरकडून पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात, तर कधी त्याहून उशिरा. पण महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देण्याचं बंधन कामगारावर नाही, मालकावर आहे. ‘पार्टीचं पेमेंट आलं की देतो’ हे उत्तर त्या बंधनात बसत नाही.

पीएफ-ईएसआयबद्दलही स्पष्ट बोलावं. साधारणपणे वीस कामगारांपासून पीएफ आणि दहापासून ईएसआय लागू होतो. पाच माणसांच्या वर्कशॉपला दोन्ही लागू नाहीत. हे लिहायला मालकांना कमीपणा वाटतो, म्हणून ‘सर्व सुविधा’ असं मोघम लिहितात. मोठ्या कंपनीतून आलेला माणूस हातातला पगार आणि या सवलती यांची तुलना करणारच. मग ती त्याला घरी बसून करू द्यावी.

आणखी एक. ‘मुलगा पाहिजे’ असं लिहू नये. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला कायद्यानं मनाई आहे, आणि लेथला कोण उभं आहे याचा फरक पडत नाही.

सगळं मिळून कागद असा होतो :

टर्नर पाहिजे – १ जागा (स्त्री / पुरुष)
पात्रता : आयटीआय टर्नर, किंवा साध्या लेथवर २ वर्षे काम. ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटर लावणे, टूलला धार लावणे आवश्यक.
काम : पिन व बुश टर्निंग, स्वतःच्या जॉबचे माप तपासणे, सुटताना मशीन साफ करणे. आठवड्यातून दोनदा सळ्या उतरवायला मदत.
वेळ : सकाळी ८.३० ते सायं. ५, जेवणाची सुट्टी अर्धा तास. गुरुवारी सुट्टी.
पगार : महिना १८,००० रु., त्यातून व्यवसाय कर लागू असल्यास वजा. जादा तासाला १७४ रु. ७ तारखेपर्यंत बँक खात्यात. पीएफ, ईएसआय नाही.
एक दिवस मशीनवर चाचणी; त्याचे ७०० रु. मिळतील.

गुरुवारचा उल्लेख सहज केलेला नाही. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि ज्याच्या घरचे सगळे रविवारी मोकळे असतात त्याला हे आधी कळायला हवं. व्यवसाय कर महाराष्ट्रात या पगारावर पुरुषांना महिन्याला २०० रुपये पडतो (फेब्रुवारीत ३००). महिलांना २५,००० पर्यंत तो नाही.

चाचणीचे पैसे देणं अनेकांना जड जातं. एका जागेसाठी चार जणांना फुकट दिवसभर राबवून चार दिवसांचा माल काढून घेणारेही आहेत. शिकलेली माणसं अशा पत्त्यावर दुसऱ्यांदा फिरकत नाहीत, आणि एकमेकांना सांगतातही.

चाचणी लांबलचक नको. २८ मिमीची सळी द्यावी, २५ मिमीपर्यंत आणायला सांगावी, वरखाली फक्त ०.०२ मिमी चालेल असं बजावावं. मग जॉबपेक्षा माणसाकडे पाहावं. चकची चावी चकमध्येच ठेवून मशीन चालू करायला निघाला, तर तिथेच थांबवावं. ती उडून तोंडावर येते. फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालून उभा राहिला, तर प्रमाणपत्र काहीही सांगो, त्याचं शिक्षण कच्चं आहे. शेवटचा कट घेण्यापूर्वी तो माप घेतो का? आणि जॉब थंड होऊ देतो का? २५ मिमीचा पोलादी जॉब चाळीस अंशांनी तापला की साधारण शतांश मिलिमीटरनं फुगतो. गरम असताना बरोबर भरलेलं माप निवल्यावर कमी येतं, आणि मुभा ०.०२ ची असताना एवढ्यानं अर्धी मुभा संपते. ज्याला हे ठाऊक आहे तो जॉब बाजूला ठेवतो आणि तोवर टूलची धार पाहून घेतो. त्याला त्याच संध्याकाळी सोमवारपासून या म्हणावं, आणि जाहिरातीचा तोच कागद दोघांच्या सह्या करून एक प्रत त्याच्या हातात द्यावी.