लेखापरीक्षणाचा शेरा कसा लिहावा

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल वाचला जातो, तेव्हा भांडण आकड्यांपेक्षा शेऱ्यातल्या शब्दांवरून जास्त पेटतं. समजा, अहवालात असं वाक्य आहे: ‘सचिवांनी मनमानी करून मर्जीतल्या ठेकेदाराला गच्चीचं काम दिलं.’ सचिव संतापतात, त्यांच्या बाजूचे उठून बोलू लागतात आणि काम कितीचं होतं, कागद कुठे आहेत हे विचारायचं राहून जातं. ‘मनमानी’ आणि ‘मर्जीतला’ हे कुठल्याच व्हाउचरवर लिहिलेलं नसतं. तो लेखापरीक्षकाने काढलेला अर्थ असतो आणि सचिव नेमका तोच खोडून काढू शकतात.

हाच शेरा असा लिहिता येतो: ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी दि. १२ जून रोजी ठेकेदारास रु. १,८४,००० धनादेशाने दिले (व्हाउचर क्र. ४७). रु. ५०,००० वरील कामासाठी तीन दरपत्रके मागवावीत, असा सर्वसाधारण सभेचा ठराव आहे. तपासणीत एकच दरपत्रक सादर झाले. एप्रिल ते जून या काळातील समितीच्या इतिवृत्तात या कामाच्या मंजुरीचा ठराव आढळला नाही.’ इथे नियम काय आणि प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारी शेजारी आलं. वाचणारा स्वतः इतिवृत्त उघडून ते पडताळू शकतो. व्यक्तीला दूषण न देताही हा शेरा पहिल्यापेक्षा जड आहे, कारण तो खोडायचा तर ठरावच दाखवावा लागेल.

‘सादर झाले नाही’ आणि ‘नाही’ यांत मोठं अंतर आहे. दरपत्रकं मागवलीच नाहीत, असं लिहायला समितीचा तसा लेखी खुलासा तरी हवा. नाहीतर इतकंच म्हणता येतं, की अमुक तारखेला लेखी मागणी केली आणि तपासणी संपेपर्यंत ती मिळाली नाहीत. तपासणी किती झाली हेही सांगावं लागतं. वर्षाच्या २१० व्हाउचरपैकी ६० पाहिली असतील, तर ‘तपासलेल्या ६० पैकी ४ व्हाउचरना बिल जोडलेले नाही’ असं लिहावं. नुसतं ‘अनेक व्हाउचरना बिले नाहीत’ म्हटलं, की कुणी त्यातून चार समजतो, कुणी शंभर.

तटस्थ लिहिणं म्हणजे मवाळ लिहिणं, असा समज मात्र फार नुकसान करतो. संबंध बिघडू नयेत म्हणून ‘काही किरकोळ त्रुटी आढळल्या’ असं लिहून मोकळं होणारे अहवाल मला पहिल्या नमुन्याइतकेच वाईट वाटतात. दोष गंभीर असेल तर गंभीर म्हणावं आणि का, तेही सांगावं. अशी प्रतवारी केवळ रकमेवर ठरत नाही. गच्चीच्या कामात रक्कम मोठी आहे, पण पैसे धनादेशाने गेले, ठेकेदाराचं बिल आहे, काम डोळ्यांना दिसतं. नियमाचं उल्लंघन झालं, नुकसान झाल्याचा पुरावा नाही. त्याला ‘मध्यम’ म्हणता येईल. आता पावती पुस्तकातल्या तीन पावत्या स्थळप्रतींसह गहाळ असतील, तर त्या कदाचित पाचशे-पाचशेच्याच असतील. पण किती रक्कम घेतली गेली हे कळायचा मार्गच बंद झाला. तो दोष मी ‘उच्च’ धरेन. ही मोजपट्टी अहवालाच्या सुरुवातीलाच लिहिलेली असावी, म्हणजे प्रतवारी माणूस पाहून केली, असं कुणाला म्हणता येत नाही.

आणि ‘अपहार’ हा शब्द रागाच्या भरात लिहायचा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खाली हिशेबातल्या गुन्ह्याबद्दल लेखापरीक्षकाला निबंधकाकडे स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो आणि त्यातून पोलीस तक्रारीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ठराव न सापडणं ही अनियमितता आहे. अपहार म्हणायला पैसा कुणाकडे गेला याचा माग कागदावर लागायला हवा.

शिफारशीत ‘यापुढे दक्षता घ्यावी’ असं लिहिलं, तर ती पाळली की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही. वरच्या प्रकरणात असं लिहिता येईल: ‘सचिवांनी वॉटरप्रूफिंगच्या खर्चाची कागदपत्रे ३० दिवसांत समितीपुढे ठेवावीत. खजिनदारांनी रु. ५०,००० वरील धनादेशावर सही करण्यापूर्वी ठराव क्रमांक व तीन दरपत्रके व्हाउचरला जोडल्याची खात्री करावी.’ पहिलं वाक्य झालेल्या गोष्टीसाठी आहे. दुसरं वाक्य कारणावर बोट ठेवतं, कारण ठरावाशिवाय धनादेश निघू शकला ही खरी फट होती. समितीचा खुलासा शेऱ्याखाली जसाच्या तसा द्यावा, पटला नाही तरी. का पटला नाही ते त्याखाली एका ओळीत लिहावं.

कलम ८२ प्रमाणे समितीला दोषदुरुस्ती अहवाल ‘ओ’ नमुन्यात द्यायचा असतो. त्यात प्रत्येक शेऱ्यासमोर काय दुरुस्त केलं, ते लिहावं लागतं. ‘मनमानी’समोर समिती फार तर ‘आरोप अमान्य’ असं लिहील. व्हाउचर क्र. ४७ समोर मात्र तिला कागद जोडावा लागतो किंवा तो नसल्याचं सही करून मान्य करावं लागतं.