‘गॅस झालाय, डॉक्टर’

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे केरळ, राजस्थान, बिहारची मुलं महाराष्ट्रातल्या वॉर्डांत येतात. २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्याच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेलाही जागा मिळाली. ‘कुठे दुखतं?’, ‘किती दिवसांपासून?’ ही वाक्यं मुलं लवकर पाठ करतात. पेशंट उत्तर देऊ लागला की मात्र त्यांची पंचाईत होते.

त्यासाठी जोडीने करायचा हा एक सराव. पेशंट होणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची : वय ५८, किराणा दुकान, मधुमेह, महिनाभर चढ चढताना छाती भरून येते, थांबलं की जाते. त्याने सुरुवात ‘गॅस’पासून करायची आणि विचारल्याखेरीज पुढचं काही सांगायचं नाही.

– या काका, बसा. काय त्रास होतोय?

– काही नाही हो, गॅस झालाय. एखादी गोळी द्या.

नवशिका इथेच फसतो. तो कागदावर ‘गॅस’ लिहितो आणि तेलकट खाण्याची चौकशी करू लागतो. पण गॅस हे काकांनी स्वतःच काढलेलं निदान आहे. त्यांना होतं काय, ते अजून कळलेलंच नाही.

– गॅस झाला की नेमकं काय वाटतं?

– इथं भरून येतं. (छातीच्या मधोमध मूठ धरतात.)

– टोचतं, जळजळतं, की दाबल्यासारखं होतं?

– दाबल्यासारखं. कुणी वजन ठेवावं तसं.

– कधी होतं?

– दुपारी जेवून दुकानाकडे निघालो की. म्हणून तर म्हटलं, गॅस.

– आणि जेवून घरीच बसलात तर?

– (थांबून) बसलो तर नाही होत. देवळापाशी चढ आहे ना, तिथं होतं.

– मग काय करता?

– जरा टेकतो. दोन-चार ढेकर येतात, पाच मिनिटांत मोकळं वाटतं.

– तेव्हा हात, खांदा, जबडा यांत काही जाणवतं?

– डावा हात जड होतो खरा.

‘घरीच बसलात तर?’ हा या संवादातला सगळ्यात मोलाचा प्रश्न. जेवणानंतर हृदयावरचा भार थोडा वाढतो, त्यात चढ लागला की अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून स्नायूला पुरेसं रक्त पोचत नाही. म्हणून अंजायनाचा त्रास जेवणानंतर चालताना लवकर होतो आणि पेशंट त्याचा दोष जेवणाला देतो. ढेकर आल्यावर बरं वाटलं असं काकांना मनापासून वाटतं. प्रत्यक्षात ते थांबले म्हणून बरं वाटलं. मूठ धरून दाखवणं हीसुद्धा लक्षात ठेवण्याची खूण आहे. एका बोटाने टिंब दाखवणाऱ्याचं दुखणं बहुतेकदा बरगडीचं किंवा स्नायूचं असतं, अर्थात एवढ्यावरून हृदयविकार नाहीच असं म्हणता येत नाही.

आणखी एक चूक हमखास होते. विद्यार्थी विचारतो, ‘छातीत दुखतं का?’ काका म्हणतात, ‘नाही.’ ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी हे दडपण आहे, दुखणं नव्हे. हो-नाहीत उत्तर मिळेल असे प्रश्न म्हणूनच शेवटी विचारायचे. मधुमेह असेल तर छातीत काहीच न होता नुसता दम लागू शकतो, तोही विचारायचा. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ईसीजी अशा आजारात पुष्कळदा अगदी सरळ निघतो. कागदावर काही दिसत नसताना पुढच्या तपासण्या करायच्या की नाही, हे या पाच मिनिटांच्या बोलण्यावरच ठरतं.

मग जोडीने जागा बदलायच्या आणि चिठ्ठीही. पहिलं वाक्य तेच, ‘गॅस झालाय’. पण हा पेशंट रात्री उशिरा जेवून आडवा झाला की जळजळ घशापर्यंत येते, तोंडात आंबट पाणी येतं. दुपारी तीन मजले चढून गेला तरी काही होत नाही. हे पित्त वर येण्याचं वर्णन. दोन्ही संवाद लागोपाठ केले की दोघांच्या वाटा कोणत्या प्रश्नाशी वेगळ्या होतात, ते विद्यार्थ्याला दिसतं.

तिसऱ्या चिठ्ठीवर पहिलेच काका आहेत, पण आज पहाटे झोपेतच छाती भरून आली, दरदरून घाम फुटला आणि वीस मिनिटं झाली तरी दडपण उतरेना. इथे प्रश्न आवरते घ्यायचे. ‘काका, आता उठू नका, चालू नका. लगेच ईसीजी काढू या,’ हे वाक्य शांत आवाजात म्हणता यायला हवं, आणि ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघायला हवा. पेशंट घरून फोनवर बोलत असेल तर वाक्य बदलतं : ‘दवाखान्यात स्वतः गाडी चालवत येऊ नका, १०८ ला फोन करा.’