पाणी भिंतीला नेमके कुठे रेटते?

जमिनीवर बांधलेल्या काँक्रीटच्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींची समोरची भिंत अगदी सारखी, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच. दोन्ही काठोकाठ भरलेल्या. फरक एवढाच, की या भिंतीपासून पाठीमागच्या भिंतीपर्यंतचे अंतर पहिल्या टाकीत 1 मीटर आहे आणि दुसरीत 10 मीटर. म्हणजे पहिलीत 12 हजार लिटर पाणी, दुसरीत 1 लाख 20 हजार लिटर. समोरच्या भिंतीवर जास्त जोर कोणत्या टाकीत पडेल?

दोन्हींत सारखाच. दहापट पाणी साठवूनही त्या भिंतीवरचा रेटा किलोभरानेही वाढत नाही. पाण्याचा दाब ठरतो तो फक्त खोलीवर. मागे किती पाणी पसरले आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

हिशेबही सोपा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन 1 टन. त्यामुळे पृष्ठभागापासून 1 मीटर खाली दर चौरस मीटरला 1 टन दाब असतो, 2 मीटरवर 2 टन आणि 3 मीटरवर, म्हणजे आपल्या टाकीच्या तळाशी, 3 टन. हवेचाही दाब असतो, पण तो भिंतीला आतून-बाहेरून सारखाच रेटतो, म्हणून सोडून देता येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: स्थिर पाणी भिंतीला नेहमी काटकोनातच ढकलते. भिंत उभी असेल तर हा रेटा पूर्णपणे आडवा.

दाब जागोजागी वेगळा, मग सगळ्या भिंतीवर मिळून किती? सिमॉन स्टेविन या फ्लेमिश अभियंत्याने 1586 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच प्रश्न सोडवला होता. त्याने भिंतीचे आडवे पट्टे कल्पिले, प्रत्येक पट्ट्यावरचा दाब धरला आणि पट्टे अधिकाधिक अरुंद करत नेले. उत्तर येते ते असे: दाब वर शून्य आणि तळाशी 3 टन, मधे सरळ रेषेत वाढणारा, म्हणून सरासरी दीड टन. भिंतीचे क्षेत्रफळ 12 चौरस मीटर. एकूण रेटा 18 टन. एका भिंतीवर जवळजवळ दोन भरलेल्या ट्रकांइतके वजन आडवे टेकल्यासारखे हे झाले.

हे 18 टन भिंतीवर सारखे वाटलेले नाहीत. वरच्या दीड मीटरला सरासरी पाऊण टन दाब मिळतो, तिथे एकूण रेटा साडेचार टन. उरलेले साडेतेरा टन खालच्या निम्म्या भागावर. आता या सगळ्या पसरलेल्या रेट्याच्या जागी एकच बल लावायचे आणि परिणाम तोच साधायचा, तर ते कुठे लावावे? या बिंदूला दाबकेंद्र म्हणतात. दाबाची आकृती काढली तर ती त्रिकोणी येते, टोक वर आणि पाया खाली. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांश उंचीवर असतो. म्हणून दाबकेंद्र तळापासून 1 मीटरवर. आयताकृती उभी भिंत काठापर्यंत भरली असेल, तर उंची कितीही असो, हे प्रमाण बदलत नाही.

बांधणाऱ्याला 18 हा आकडा पुरत नाही, तो याच एक मीटरसाठी. भिंत पायथ्याशी पक्की धरलेली आहे आणि पाणी तिला बाहेर उलथू पाहते. उलथवण्याचा हा जोर, ज्याला इंजिनियर मोमेंट म्हणतात, बल आणि पायथ्यापासूनची उंची यांच्या गुणाकाराने मिळतो. 18 टन गुणिले 1 मीटर, म्हणजे 18 टन-मीटर.

याच ठिकाणी एक गंमतीची गोष्ट हाती लागते. वरच्या निम्म्या भागाचे साडेचार टन पायथ्यापासून 2 मीटर उंचीवर लागतात, त्यांचा मोमेंट 9 टन-मीटर. खालच्या साडेतेरा टनांचे केंद्र पायथ्यापासून पाऊण मीटरच्याही खाली, अवघ्या दोन तृतीयांश मीटरवर येते. त्यांचा मोमेंटही 9 टन-मीटरच. वरचे पाणी रेटते कमी, पण त्याला तरफ लांब मिळते. खालचे जोरात रेटते, पण पायथ्याला चिकटून. त्यामुळे भिंत उलथवण्याच्या कामात वरच्या आणि खालच्या पाण्याचा वाटा अगदी निम्मा-निम्मा पडतो.

म्हणूनच चालू टाकीवर विटांचे चार थर चढवून साठा वाढवण्याची कल्पना फसवी असते. 3 मीटरच्या भिंतीवर 60 सेंटीमीटर चढवले, तर साठा पाचव्या हिश्श्याने वाढतो. पण रेटा खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे 18 वरून जवळपास 26 टनांवर जातो. मोमेंट तर घनाप्रमाणे वाढतो आणि 18 वरून 31 टन-मीटरवर पोहोचतो. वरचे बांधकाम कितीही मजबूत असो, हा सगळा ताण जातो जुन्या पायथ्याकडे. तिथली सळई 18 चा हिशेब धरून बांधलेली असते.

ती सळई कुठल्या बाजूला हवी, हेही यातूनच कळते. भिंत बाहेर वाकू लागली की पायथ्याशी तिची पाण्याकडची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून अशा भिंतीत पायथ्याजवळच्या उभ्या मुख्य सळया आतल्या अंगाला लागतात. त्या चुकून बाहेरच्या अंगाला बांधल्या, तर लोखंड तेवढेच खर्च होते आणि भिंत मात्र दुबळी राहते. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात काँक्रीटचा तिरपा भराव देतात, तोही याच जागी जाडी वाढावी म्हणून.

प्रत्यक्षात चार भिंती कोपऱ्यांत एकमेकींना धरून असतात. लहान टाकीत त्यामुळे बराच भार आडवा वाटला जातो, पायथ्यावरचा ताण वरच्या हिशेबापेक्षा कमी येतो आणि तडे कोपऱ्यांत उभे जाऊ लागतात. लांब भिंतीच्या मधल्या भागाला मात्र कोपऱ्यांचा आधार पोहोचत नाही. तिथे वरचा हिशेब जवळजवळ तसाच लागू पडतो. टाकी जमिनीत पुरलेली असेल, तर बाहेरून माती आणि पावसाळ्यात भूजल रेटत असते, आणि ती रिकामी असतानाचा हिशेब उलट दिशेने वेगळा करावा लागतो.

भिंत दमली आहे का, हे पाहायला ओळंबा पुरतो. बाहेरच्या वरच्या कडेवरून तो सोडायचा आणि पायथ्याशी दोरी व भिंत यांतले अंतर मोजायचे, एकदा टाकी भरलेली असताना, एकदा रिकामी केल्यावर. भरल्यावर किंचित वाढलेले अंतर रिकामी केल्यावर पूर्ववत झाले, तर भिंत सावरते आहे. ते वाढलेलेच राहिले आणि बाहेरून पायथ्यालगत ओलीची आडवी रेघ किंवा चुन्याचा पांढरा थर दिसू लागला, तर भिंत कायमची कलली असण्याची शक्यता मोठी, आणि इंजिनियरला बोलवायला हवे.

तो येईपर्यंत करण्यासारखी एक गोष्ट असते: पाण्याची पातळी निम्म्यावर आणायची. दीड मीटर पाण्याचा रेटा साडेचार टन, तो लागतो तळापासून अर्ध्या मीटरवर, आणि मोमेंट उरतो सव्वादोन टन-मीटर. म्हणजे पाणी निम्मे, रेटा चौथा हिस्सा आणि पायथ्यावरचा ताण आठवा हिस्सा.